आधी या नऊ ओळी वाचा

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये लिबआर्काइव्ह या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे एक छोटासा बदल आला. दाबून लहान केलेल्या फाइली उलगडण्याचे काम करणारी ही लायब्ररी अनेक संगणक-प्रणालींमध्ये वापरली जाते. बदल सुचवणाऱ्याने हेतू साध्या शब्दांत सांगितला होता: फाइल उलगडताना काही बिघडले, तर पडद्यावरच्या इशाऱ्यात बिघाडाचे कारणही छापले जावे. मोजक्या ओळी, उपयोगी सोय. बदल स्वीकारला गेला.

त्याच ओळींत आणखी एक गोष्ट घडली होती. `safe_fprintf` या फंक्शनच्या जागी `fprintf` आले होते. पहिले फंक्शन फाइलच्या नावात लपलेली, पडद्याला भलतेच हुकूम देऊ शकणारी चिन्हे निष्प्रभ करून मग मजकूर छापते. दुसरे मिळेल ते जसेच्या तसे छापते. सांगितलेल्या हेतूत याबद्दल अवाक्षर नव्हते. २०२४च्या मार्चअखेरीस एक्सझेड युटिल्स या दुसऱ्या प्रकल्पात मुद्दाम पेरलेली चोरवाट सापडली. ती पेरणारे खाते आणि लिबआर्काइव्हला बदल पाठवणारे खाते एकच असल्याचे लक्षात आले, तेव्हा तो जुना बदल पुन्हा काढून वाचला गेला आणि सुरक्षित फंक्शन परत बसवण्यात आले. लिबआर्काइव्हच्या बाबतीत हेतू काय होता, हा प्रश्न बाजूला ठेवू. बदलासोबतचा सारांश खोटा नव्हता. तो अर्धा होता, आणि वाचणाऱ्याची नजर त्या अर्ध्यावरच राहिली.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या रोजच्या कामात अशा बदलाला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात, बोलताना नुसते ‘पीआर’. एकाच प्रोग्रामवर दहा-वीस जण काम करत असतील, तर प्रत्येक जण मूळ कोडची स्वतःची शाखा काढतो, तिच्यात बदल करतो आणि मग ‘हे मुख्य शाखेत घ्या’ अशी विनंती करतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्ससाठी गिट हे साधन तयार केले, तिथून ही पद्धत रुळली. २००८ साली आलेल्या गिटहबने तिला बटण आणि पडदा दिला. गिटलॅबवर तिलाच ‘मर्ज रिक्वेस्ट’ म्हणतात. विनंती आली की दुसरा कोणीतरी ती वाचतो. काढलेल्या ओळी लाल आणि नव्या ओळी हिरव्या दिसतात. या लाल-हिरव्या यादीला ‘डिफ’ म्हणतात आणि वाचणाऱ्याला ‘रिव्ह्यूअर’.

रिव्ह्यूअर हा बहुधा गटातला जाणता माणूस असतो, म्हणजेच ज्याच्याकडे सर्वांत कमी वेळ असतो तो. पुण्यातल्या हिंजवडीत असो की बंगळुरूत, त्याच्या पुढ्यात स्वतःचे काम असते, दोन बैठकांमध्ये थोडीशी फट असते आणि तेवढ्यात कोणाचा तरी पीआर येऊन पडतो. अल्बर्टो बाकेली आणि ख्रिश्चन बर्ड या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टमधल्या कोड-तपासणीचा अभ्यास करून २०१३ साली निबंध प्रसिद्ध केला. तपासणीतली मुख्य अडचण चूक शोधण्याची नसून बदल मुळात समजण्याची असते, असे त्यांना आढळले. काय बदलले आहे ते डिफ दाखवतो. का बदलले, आणि कुठल्या ओळीवर जीव टांगलेला आहे, ते दाखवत नाही. ते सांगण्यासाठी पीआरच्या वर एक मोकळी चौकट असते. या लेखाचा विषय तीच चौकट.

एक नमुना घेऊन पाहू. समजा, बसची तिकिटे काढण्याच्या एका संकेतस्थळावर रोज रात्री हिशेब जुळत नाही. तूट नगण्य असते, कधी तीन पैसे, कधी अकरा. पण लेखा विभागाला तीही चालत नाही. शोध घेतल्यावर मूळ सापडते ते रिफंडच्या एका ओळीत. तिकीट रद्द झाले की १९.९९ रुपयांचे सुविधा शुल्क परत करायचे असते. पैसे देणारी बँकेकडची यंत्रणा रक्कम पैशांत मागते, म्हणून कोड रुपयांना शंभराने गुणतो आणि दशांश छाटतो:

```js
19.99 * 100               // 1998.9999999999998
Math.floor(19.99 * 100)   // 1998
```

संगणक द्विमान पद्धतीत १९.९९ ही संख्या तंतोतंत साठवू शकत नाही. गुणाकार १९९९च्या किंचित खाली राहतो, छाटणी झाली की सरळ १९९८ होतो, आणि प्रवाशाचा एक पैसा मागे राहतो. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: रक्कम पहिल्यापासून पैशांतच, पूर्णांकात ठेवायची, म्हणजे दशांशाचा संबंधच उरत नाही. गटातली एक अभियंता तो उपाय लिहून काढते. पीआर पाठवण्याआधी ती आपल्याच बदलाचा आकार पाहते:

```
$ git diff --stat main...refund-paise
 migrations/0042_amount_paise.sql |   9 +
 package-lock.json                | 412 +++++++++++++++++++----------
 src/receipt/format.js            |  18 +-
 src/refund/calculate.js          |  34 ++-
 src/shared/money.js              |  61 ++++
 src/shared/utils.js              |  58 ----
 test/refund.test.js              |  76 +++++
 7 files changed, 471 insertions(+), 197 deletions(-)
```

या हुकुमातले तीन टिंब महत्त्वाचे आहेत. शाखा मुख्य कोडपासून जिथे फुटली, तिथपासूनचेच बदल ते दाखवतात. दोनच टिंब दिले, तर मधल्या काळात मुख्य शाखेत इतरांनी केलेले कामही उलट दिशेने यादीत घुसते आणि आपण ते पुसले आहे असा भास होतो.

सात फाइली, ६६८ ओळींची हालचाल. पाच मिनिटांत एवढे कोणी वाचू शकत नाही, आणि वाचल्याचा आव आणला तरी ते वाचणे नसते. पण ही यादी नीट न्याहाळली तर वेगळेच चित्र दिसते. `package-lock.json` मधल्या ४१२ ओळी यंत्राने लिहिलेल्या आहेत. चाचण्यांसाठी वापरली जाणारी लायब्ररी जाता जाता अद्ययावत केल्यामुळे त्या उगवल्या. रिफंडशी त्यांचा काडीचा संबंध नाही. सारांशात ‘याकडे दुर्लक्ष करा’ असे लिहिण्यापेक्षा त्यांना या पीआरमधून बाहेर काढून वेगळा पीआर करणे केव्हाही चांगले, आणि ती तेच करते. उरतात सहा फाइली आणि २५६ ओळी. सारांश लिहायला बसल्यावर सर्वांत आधी पीआरच आटोपशीर होतो, हा या कामाचा फारसा न बोलला जाणारा फायदा आहे.

पुढचा अडथळा जास्त फसवा आहे. `utils.js` मधून ५८ ओळी गेल्या आणि `money.js` मध्ये ६१ आल्या. पैशांसंबंधीची फंक्शने एका फाइलमधून उचलून दुसरीत ठेवली, एवढेच हे आहे. गिटहबच्या पडद्यावर मात्र ५८ लाल आणि ६१ हिरव्या ओळी दिसतात, आणि त्यातल्या ५८ जुन्याच आहेत हे नजरेने कळत नाही. कळत नाही म्हणून वाचणारा ‘हे हलवलेले दिसतेय’ असे म्हणत भराभर खाली सरकतो. खरी नवी भर त्या गर्दीत बसलेल्या तीन ओळींची आहे. एकाच तिकिटावर तिघे प्रवासी असतील, तर १९९९ पैसे तिघांत वाटायचे. प्रत्येकी ६६६ दिले की १९९८ होतात, एक पैसा उरतो. तो पहिल्या प्रवाशाला द्यायचा, असे या तीन ओळी ठरवतात. म्हटले तर क्षुल्लक. पण हा कोडचा प्रश्न नाही, व्यवहाराचा निर्णय आहे, आणि तो लेखा विभागाला माहीत असायला हवा. गिटच्या २०१७ सालच्या आवृत्तीपासून `git diff --color-moved` हा हुकूम नुसत्या हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवतो, पण तो स्वतःच्या संगणकावर चालवावा लागतो. पाच मिनिटे हातात असलेला माणूस तेवढी खटपट करेलच असे नाही. म्हणून ओळींचे क्रमांक सारांशातच सांगायचे असतात. याहून बरे म्हणजे हलवाहलव एका कमिटमध्ये ठेवायची आणि तीन नव्या ओळी दुसऱ्यात. गिटहबवर कमिट एकेक करून उघडता येतात.

आता सर्वांत लहान फाइल. ‘मायग्रेशन’ म्हणजे डेटाबेसच्या रचनेत बदल करणारी संहिता. इथे ती नऊच ओळींची आहे, आणि त्यातल्या कामाच्या या दोन:

```sql
ALTER TABLE refunds ADD COLUMN amount_paise BIGINT;
UPDATE refunds SET amount_paise = ROUND(amount * 100);
```

पहिली ओळ पैशांसाठी नवा रकाना तयार करते, दुसरी जुन्या सगळ्या नोंदी रुपयांतून पैशांत करून त्यात भरते. वाचायला सोपे, पण धोका सगळा इथेच आहे. कोडमध्ये चूक निघाली तर जुना कोड परत लावता येतो. डेटा एकदा चुकीचा लिहिला गेला की तो हाताने निस्तरावा लागतो. शिवाय नवी आवृत्ती लावताना जुने सर्व्हर एका क्षणात बंद होत नाहीत. काही मिनिटे जुना आणि नवा कोड बरोबरीने चालतो. त्या मिनिटांत जुन्या सर्व्हरने नोंदवलेले रिफंड फक्त जुन्या रकान्यात पडतात आणि त्यांचा नवा रकाना रिकामा राहतो. म्हणजे सगळे जुने सर्व्हर थांबल्यावर राहिलेल्या नोंदींसाठी `UPDATE` पुन्हा एकदा चालवावे लागणार. हे कोणत्याही ओळीत लिहिलेले नाही. ते फक्त लिहिणारीच्या डोक्यात आहे, आणि सारांशात आले नाही तर तिथेच राहील.

ओळींची संख्या आणि धोका यांचा मेळ बसत नाही, हे पाच मिनिटांच्या वाचकासाठी लिहिताना विसरून चालत नाही. वरच्या यादीत ७६ ओळींची चाचण्यांची फाइल सर्वांत मोठी उरली आहे आणि ९ ओळींची सर्वांत छोटी. गिटहब फाइली मार्ग आणि नावाच्या क्रमाने मांडतो, महत्त्वाच्या क्रमाने नाही. क्रम लावून देणे हे लिहिणाऱ्याचे काम.

ते केले नाही तर चौकटीत काय येते, हे रोज पाहायला मिळते. एक प्रकार ‘रिफंडची चूक दुरुस्त केली, कोड नीटनेटका केला, चाचण्या वाढवल्या’ असा असतो. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे आणि एकही उपयोगाचे नाही. गूगलने अभियंत्यांसाठीची आपली मार्गदर्शिका सर्वांसाठी खुली केली आहे. तिच्यात ‘चूक दुरुस्त केली’ एवढेच सांगणारे वर्णन अपुऱ्या वर्णनाचा नमुना म्हणून दिले आहे: कोणती चूक, ती कशी दुरुस्त केली, हे त्यातून कळतच नाही. दुसरा प्रकार उलट टोकाचा. फाइलवार यादी: या फाइलमध्ये अमुक फंक्शन टाकले, त्या फाइलमधले तमुक काढले. ही मेहनत वाया जाते, कारण तेच सगळे डिफमध्ये दिसते आहे. वाचणाऱ्याला तीच गोष्ट दोनदा वाचावी लागते आणि ‘का’ तसाच राहतो. लिनक्सच्या कर्नेलमध्ये बदल पाठवण्याचे नियम याबाबत कडक आहेत. आधी अडचण सांगा, वापरणाऱ्याला तिचा काय त्रास होतो ते सांगा, मग उपाय सांगा, असा तिथला क्रम आहे. पहिली ओळ ७० ते ७५ अक्षरांच्या आत बसवायची, आणि काय बदलले व का, हे दोन्ही त्या एका ओळीतून कळायला हवे.

आपल्या नमुन्यातल्या अभियंत्याने लिहिलेला सारांश असा असेल. कंपनीत तो बहुधा इंग्रजीत लिहिला जातो. इथे मराठीत मांडला आहे.

> रिफंडमधली १ पैशाची तूट थांबवण्यासाठी रक्कम पैशांत साठवणे
>
> १९.९९ रुपयांचा रिफंड १९९८ पैसे म्हणून जात होता. आता १९९९ जातो. नुसते `Math.round` लावून भागले नसते, कारण पावती आणि रिफंड या दोन ठिकाणी रुपयांचे पैसे वेगवेगळ्या रीतीने होत होते.
>
> वेळ कमी असेल तर दोनच जागा पाहा. पहिली, मायग्रेशनच्या ९ ओळी. जुना रकाना काढलेला नाही आणि नवा कोड दोन्ही रकाने भरतो, त्यामुळे मागे फिरता येईल. जुने सर्व्हर थांबल्यावर रिकाम्या नोंदींसाठी `UPDATE` पुन्हा चालवायचे आहे. दुसरी, `money.js` च्या ओळी ४४ ते ४६. वाटणीत उरलेला पैसा पहिल्या प्रवाशाला दिला आहे. हा निर्णय मी घेतला आहे, लेखा विभागाला अजून विचारलेले नाही.
>
> `money.js` मधले बाकी सगळे `utils.js` मधून जसेच्या तसे हलवले आहे.
>
> मायग्रेशन डेटाच्या प्रतीवर चालवून जुन्या-नव्या रकमांची बेरीज जुळवली. तीनपैकी एकाच प्रवाशाने तिकीट रद्द केले, तर काय होते ते तपासलेले नाही.

हे वाचायला मिनिटभर लागते. उरलेल्या चार मिनिटांत बारा ओळी शांतपणे पाहता येतात.

या मजकुरातले `Math.round` चे वाक्य सहज गाळले गेले असते. पण ते वाचणाऱ्याच्या मनात येणाऱ्या पहिल्या शंकेचे उत्तर आहे. एका शब्दाने भागणारी दुरुस्ती सोडून डेटाबेसला हात का लावला, हे कोणताही जाणता रिव्ह्यूअर विचारणारच. उत्तर आधीच दिलेले नसेल तर तो प्रश्न लिहितो, लिहिणारी तीन तासांनी पाहते, तो दुसऱ्या दिवशी परत येतो. पाच मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते ते असे. नाकारलेला सोपा मार्ग एका वाक्यात सांगणे म्हणूनच मोलाचे ठरते.

शेवटचे वाक्य लिहायला धीर लागतो. ‘हे तपासलेले नाही’ असे सांगितले तर पीआर अडेल, अशी भीती नव्या अभियंत्यांना वाटते आणि ते ‘सर्व चाचण्या यशस्वी’ एवढेच लिहितात. पण चाचण्या यशस्वी झाल्या आहेत हे गिटहबवर हिरव्या खुणेने दिसतेच. त्या खुणेला जे दिसत नाही ते सांगणारे दुसरे कोणी नसते. लिबआर्काइव्हच्या प्रकरणात अडचण नेमकी इथे होती. सुरक्षित फंक्शन काढले आहे, असे एक वाक्य वर असते तर वाचणाऱ्याने निदान ‘का’ असे विचारले असते.

अर्थात, सारांश वाचणाऱ्याची नजर वळवतो, म्हणजे ती चुकीच्या जागीही वळवू शकतो. सावध रिव्ह्यूअर म्हणून एक उलटतपासणी करतात: सारांश वाचून झाला की फाइलींची यादी उघडायची आणि सारांशात जिचा उल्लेखच नाही अशी फाइल आहे का, ते पाहायचे. आपल्या नमुन्यात `format.js` तशी निघते. पावतीच्या जागेचा ओझरता उल्लेख आहे, पण तिथल्या १८ ओळींत काय केले ते सांगितलेले नाही. उघडून पाहिली तर पैशांचे पुन्हा रुपये करून पावतीवर छापणारा भाग सापडतो, आणि त्यातून खरा प्रश्न निघतो: ज्या नोंदींचा नवा रकाना अजून रिकामा आहे, त्यांची पावती त्या काही मिनिटांत कोणी मागितली तर काय छापले जाईल? शून्य रुपये. लिहिणारीच्या ध्यानात ते आले नव्हते. रकाना रिकामा असेल तर जुन्या रकान्यातली रक्कम घ्यायची, अशी भर ती घालते.

काही बदल पाच मिनिटांत बसतच नाहीत. लॉगिनची व्यवस्था बदलली असेल किंवा पैसे वळते करणारी यंत्रणा नव्याने लिहिली असेल, तर कितीही चांगला सारांश पूर्ण वाचनाची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा सारांशाने तसे स्पष्ट सांगावे: पाच मिनिटांत फक्त दिशा बरोबर आहे का ते पाहा, ओळी वाचायला अर्धा तास लागेल. रिव्ह्यूअरनेही ‘मी मायग्रेशन आणि वाटणी पाहिली, चाचण्या वाचलेल्या नाहीत’ असे लिहून मंजुरी द्यावी. नुसते `LGTM`, म्हणजे ‘ठीक दिसते’, अशी चार अक्षरे टाकली तर सगळे पाहिले गेले असा समज होतो आणि चाचण्या कोणीच पाहत नाही.

आणखी एक काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. चर्चेनंतर कोड बदलतो, पण वरचा सारांश पहिल्या दिवशीचाच राहतो. अनेक गट पीआर स्वीकारताना त्यातले सगळे कमिट एकत्र करतात, आणि गिटहबवर अशी सोय निवडता येते की पीआरचे शीर्षक आणि वर्णन त्या एकत्रित कमिटचा संदेश म्हणून जसेच्या तसे इतिहासात जावे. दोन वर्षांनी कोणी `git blame` चालवून ‘पावतीच्या कोडमध्ये ही जुन्या रकान्याची अट कशासाठी?’ असे शोधत आला, तर त्याला हाच मजकूर मिळतो. म्हणून पीआर मुख्य शाखेत जाण्याआधी ती अभियंता सारांश पुन्हा उघडते. लेखा विभागाने उरलेला पैसा पहिल्या प्रवाशाला द्यायला होकार दिला आहे, ते ती लिहिते. तीनपैकी एका प्रवाशाच्या रिफंडची चाचणी आता लिहून झाली आहे, म्हणून ‘तपासलेले नाही’ हे वाक्य काढते. `format.js` मधल्या नव्या अटीबद्दल एक ओळ घालते, आणि ती अट कधी काढून टाकायची तेही सांगते: सगळ्या नोंदींचा नवा रकाना भरला की, जुना रकाना पुसणाऱ्या पुढच्या पीआरमध्ये.